फोटोतले दाते मोजून: पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते?

मेव्हणा वाईजवळच्या गावात राहतो. सासऱ्यांची जुनी काळी सायकल त्याने यंदा पुन्हा चालती केली. टायर-ट्यूब बदलली, ब्रेकचे रबर बदलले, तेलपाणी केलं. कालव्यावरून घराकडे येताना एक चढ लागतो, तिथे मात्र गडी दर वेळी उतरून ढकलत येतो. एका संध्याकाळी त्याने मोबाइलवर सायकलचा फोटो पाठवला आणि फोन केला, "दाजी, फ्रीव्हील झिजलंय, बदलायचंच आहे. दुकानदार म्हणतो मोठं टाका, चढ सोपा जाईल. किती मोठं सांगू?"

आता ह्याचं उत्तर द्यायचं तर सध्या पुढच्या चक्राला किती दाते आणि मागच्याला किती, हे आधी कळायला हवं. मी पुण्यात, सायकल तिकडे. हातात फक्त फोटो. "जरा मोजून सांग की," असं मी म्हणालो, तर तासाभराने त्याचा आकडा आला: पुढे ४६, मागे १९. दोन्ही चूक होते. का चूक होते, हेच खरं तर ह्या लेखात सांगायचं आहे.

आधी हिशेब कशाचा ते पाहू. पायडलच्या बाजूचं मोठं चक्र म्हणजे चेनव्हील, मागच्या चाकावरचं छोटं म्हणजे फ्रीव्हील. दोघांवर एकच चेन. पायडल पूर्ण एक फेरी फिरलं की चेनव्हीलचा प्रत्येक दाता चेनची एक कडी ओढतो. ४४ दाते असतील तर ४४ कड्या पुढे सरकतात. तेवढ्याच ४४ कड्या मागच्या चक्रावरून जायला हव्यात, दुसरीकडे जायला त्यांना वाटच नाही. मागे १८ दाते असतील तर १८ कड्यांना चाकाची एक फेरी, म्हणजे ४४ कड्यांना ४४ भागिले १८, साधारण २.४४ फेऱ्या. हेच गिअर गुणोत्तर. त्याला चाकाच्या परिघाने गुणलं की पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे गेली ते मिळतं. गणित चौथीतलं आहे. अवघड आहे ते मोजणं.

मेव्हण्याचा पहिला फोटो उभ्या उभ्या, तिरका, जवळून काढलेला होता. त्यात चेनव्हील अंड्यासारखं दिसत होतं आणि उजवा क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, नेमका दात्यांवर आडवा. मी त्याला दुसरा फोटो काढायला लावला. सायकल चेनच्या बाजूने, म्हणजे पुढचं चाक फोटोत उजवीकडे येईल अशी. आपण तीन-चार मीटर मागे जाऊन, खाली बसून, मोबाइल पायडलच्या उंचीवर धरायचा आणि झूम करायचं. जवळ जाऊन काढलेल्या फोटोत कडेच्या वस्तू ताणल्या जातात, लांबून झूम केलं की तो त्रास जवळजवळ नाहीसा होतो. आणि उजवा क्रँक पुढच्या चाकाच्या दिशेने आडवा करायचा. ह्या शेवटच्या अटीचं कारण पुढे येईल. चेन कव्हर त्या सायकलवरून कधीच निघून गेलं होतं, हे नशीब. कव्हर असतं तर आधी ते काढावं लागलं असतं, कारण चेनव्हीलचा वरचा भाग त्याखाली पूर्ण झाकला जातो.

दुसरा फोटो आला. मोठा करून पाहिला तर पहिली अडचण सगळ्यांना येते तीच: निम्मे दाते चेनखाली. पुढच्या चक्रावर चेन अर्ध्याहून थोडी जास्त गुंडाळलेली असते, कारण ती मागे लहान चक्राकडे निमुळती होत जाते. ह्या सायकलवर ती जवळपास १९० अंश पसरलेली होती. उघडे दाते दिसतात ते चक्राच्या मागच्या, सीटकडच्या अंगाला.

चेनखालचे दाते दिसले नाहीत तरी मोजता येतात. चेनमधली प्रत्येक पिन दोन दात्यांमधल्या खाचेत बसलेली असते. त्यामुळे मी दाते मोजतच नाही, खाचा मोजतो. चेन असेल तिथे पिन म्हणजे खाच, चेन सुटली की पुढे उघड्या खाचा. चेनखाली पिना आणि बाहेर दाते असं मिसळून मोजलं की जोडावर अर्धा दाता इकडेतिकडे होतो आणि तो पुढे सापडत नाही. चेन तेलाने काळीकुट्ट असेल आणि पिना दिसत नसतील तर पट्ट्या पाहाव्या. चेनमध्ये एक कडी बाहेरच्या पट्टीची, एक आतल्या पट्टीची अशी आलटूनपालटून येते. बाहेरची पट्टी फोटोत थोडी उठून दिसते. अशा एका पट्टीपासून पुढच्या तशाच पट्टीपर्यंत दोन दाते. कडीची लांबी जवळपास सगळ्या सायकलींना अर्धा इंच असते, तेव्हा ते अंतर बरोबर एक इंच.

पूर्ण चक्र मोजायची मात्र गरज नाही. अर्धं मोजून दुप्पट करायचं, पण अर्धं कुठलं ते नीट ठरवून. चक्राच्या मध्यातून, म्हणजे क्रँकच्या आसातून, एक सरळ रेघ काढायची. मोबाइलच्या फोटो एडिटरमध्ये रेघ काढता येते, नाहीतर स्क्रीनवर पट्टी धरली तरी चालते. ही रेघ चक्राचे दोन समान भाग करते, आणि गंमत अशी की फोटो तिरका असला, चक्र अंडाकृती दिसत असलं, तरीही करते. चक्र कसंही कललं तरी व्यास हा व्यासच राहतो. रेघ खऱ्या केंद्रातून गेली असली की तिच्या दोन्ही बाजूंना दाते सारखेच. हा फायदा पाव चक्राला नाही. "एका पावात अकरा दिसतात म्हणजे चौकं चव्वेचाळीस" हा हिशेब तिरक्या फोटोत फसतो, कारण अंड्याच्या टोकाकडे दाते दाटीने दिसतात आणि पोटाकडे विरळ, मग काटकोन कुठे धरायचा तेच कळत नाही.

रेघेत एक खोच आहे. फोटोत आपल्याला आसाचं टोक दिसतं, आणि ते चक्राच्या पातळीपेक्षा दीड-दोन सेंटीमीटर पुढे आलेलं असतं. उभं राहून वरून फोटो काढला तर हे टोक खऱ्या केंद्राच्या खाली सरकल्यासारखं दिसतं. दीड मीटर उंचीवरून, तीन मीटर लांबून काढलेल्या फोटोत हा फरक पाऊण सेंटीमीटरपर्यंत जातो. त्या बिंदूतून आडवी रेघ मारली तर वरच्या अर्ध्यात एक दाता जास्त आणि खालच्यात एक कमी. दुप्पट केल्यावर दोनाचा घोळ. उपाय सोपा: केंद्र खाली सरकलं असेल तर रेघ उभी मारा. उभ्या रेघेवर बिंदू वरखाली झाला तरी रेघ तीच राहते.

उभी रेघ मारली की चक्राचा मागचा अर्धा भाग वेगळा पडतो, आणि तोच जवळजवळ पूर्ण उघडा असतो. क्रँक पुढे आडवा करायला सांगितला तो ह्यासाठी, तो ह्या भागात येत नाही. डावा क्रँक मागच्या बाजूला जातो खरा, पण तो चक्राच्या पलीकडे असतो. दात्यांच्या मागे काळी पट्टी दिसेल, त्याने गोंधळू नये.

मेव्हण्याच्या फोटोत रेघेचं वरचं टोक नेमकं एका पिनेवर आलं. खालचं टोकही पिनेवरच. ही एक चांगली खूण आहे. दात्यांची संख्या सम असेल तर खाचेच्या समोर खाच येते, विषम असेल तर खाचेच्या समोर दाता. म्हणजे मोजायच्या आधीच कळलं की ४३ किंवा ४५ नाही.

मग वरच्या पिनेपासून मागच्या बाजूने खाली आलो. प्रत्येक खाचेवर लाल ठिपका देत गेलो. ठिपके भरले २३. मेव्हण्यानेही २३च मोजले होते आणि दुप्पट करून ४६ म्हणाला होता. चूक इथेच. रेघेवरच्या दोन्ही खाचा दोन्ही अर्ध्यांच्या सामाईक आहेत. ओळीत २३ खांब असले तर त्यांच्यामधली अंतरं २२च असतात. मोजायची ती अंतरं. २२ दुणे ४४. ही चूक फार फसवी आहे, कारण ४६ दात्यांचं चेनव्हीलही बाजारात असतं, त्यामुळे उत्तर ऐकून कोणाला शंका येत नाही.

मागचं चक्र जास्त छळतं. ते लहान, त्यावर फ्रेमच्या नळ्यांची गर्दी. चेन मागच्या अंगाने गुंडाळलेली असते. पुढच्या अंगाला दाते उघडे असतात, पण पायडलकडून येणारी आडवी नळी तिथे नेमकी चक्राच्या बाहेरून जाते आणि दोन-तीन दाते खाऊन टाकते. वर सीटकडे जाणारी तिरपी नळी आणखी दोनेक झाकते. शिवाय स्टँड, कॅरियरच्या सळ्या, आसाचा मोठा नट. अर्ध्याची युक्ती इथे जमत नाही, कारण रेघेचं एक ना एक टोक कशाखाली तरी जातं.

इथे कोन मोजावा लागतो, आणि कोनाला तिरका फोटो चालत नाही. म्हणून आधी फोटो सरळ करून घ्यायचा. मागचं चाक फोटोत जितकं उंच आहे तितकंच रुंद आहे का पाहायचं. रुंदी कमी असेल तर एडिटरमध्ये फोटो आडवा ताणून चाक गोल करायचं, म्हणजे फ्रीव्हीलही गोल होतं. पुढचं चाक ह्यासाठी वापरू नये, हँडल जरासं वळलेलं असलं की ते वेगळ्याच कोनात असतं.

मला सलग दिसणारा भाग असा होता: वरच्या नळीच्या जरा मागून सुरू होऊन, चेनबरोबर मागच्या अंगाने खाली, आणि मग आडव्या नळीच्या खालपर्यंत. वरची पहिली स्पष्ट पिन धरली, पिना मोजत खाली आलो, चेन सुटल्यावर उघड्या खाचा मोजल्या. ११ अंतरं भरली. मग आसापासून पहिल्या आणि शेवटच्या खाचेला दोन रेघा काढल्या आणि कंपासपेटीतला कोनमापक चक्क लॅपटॉपच्या स्क्रीनवर धरला. कोन आला २२१ अंश. आता ११ अंतरांना २२१ अंश, तर ३६० अंशांना किती? ११ गुणिले ३६०, भागिले २२१, म्हणजे १७.९. दाते अपूर्णांकात नसतात, तेव्हा १८. कोन मोजताना हात चार-पाच अंशांनी हलला तरी चालतं, कारण १७ दाते असते तर हाच कोन २३३ आला असता आणि १९ असते तर २०८.

तरीही मी दुसऱ्या वाटेने पडताळून पाहिलं, कारण मेव्हणा १९वर अडून बसला होता. दोन चक्रांचे व्यास मोजून त्यांचं गुणोत्तर काढलं तरी दात्यांच्या गुणोत्तराच्या अगदी जवळ जातं. अट एवढीच की व्यास दात्यांच्या टोकापासून टोकापर्यंत मोजायचा नाही. चेनच्या पिना ज्या वर्तुळावर बसतात, ते वर्तुळ मोजायचं. अर्धा इंची चेनला ४४ दात्यांच्या चक्राचं हे वर्तुळ १७८ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि १८ दात्यांचं ७३चं. भागाकार २.४४. टोकं धरून मोजलं तर दोन्हींत दात्यांची उंची मिसळते. समजा दोन्ही व्यास ५ मिलिमीटरने वाढले, तर १८३ भागिले ७८, म्हणजे २.३५. पुढचं ४४ पक्कं असताना ह्यावरून मागचं काढलं तर १८.७ येतं, आणि माणूस खुशाल १९ म्हणतो. मेव्हण्यानेही पट्टीने टोकंच मोजली होती. सारखीच भर लहान चक्रात मोठी ठरते, म्हणून गुणोत्तर नेहमी खालीच घसरतं.

मागच्या दात्यावर इतका जीव का काढायचा? पुढे एक दाता चुकला तर ४४त एक, सव्वादोन टक्के. मागे एक चुकला तर १८त एक, साडेपाच टक्के. वेळ कमी असेल तर तो फ्रीव्हीलवर घालवावा. गिअरच्या सायकलींवर तर मागे सात-आठ चक्रं एकापाठोपाठ असतात, आणि चेन कुठल्या चक्रावर आहे हेच बाजूच्या फोटोत धड दिसत नाही. तिथे मागून काढलेला आणखी एक फोटो मागावा. बऱ्याच चक्रांवर आकडाही कोरलेला असतो, तेव्हा मोजायला बसण्याआधी फोटो मोठा करून तो शोधलेला बरा.

आता चाक. टायरच्या बाजूवर २८ × १½ लिहिलेलं होतं, काळ्या उभ्या सायकलींचा नेहमीचा माप. ह्या आकड्यावरून थेट गणित करायला जाऊ नये, कारण "अठ्ठावीस" म्हणून विकली जाणारी चाकं एकापेक्षा जास्त मापांची आहेत. त्याच टायरवर ४०-६३५ असंही बारीक छापलेलं असतं, ते खरं कामाचं. टायर ४० मिलिमीटर जाड, आणि रिमवर तो जिथे बसतो तिथला व्यास ६३५. वर-खाली दोन वेळा टायर धरला तर ७१५ मिलिमीटर. त्याचा परीघ २.२४६ मीटर.

पण माणूस बसला की टायर खाली चपटतो आणि चाक थोडं लहान असल्यासारखं फिरतं. म्हणून परीघ मोजलेलाच बरा. मेव्हण्याला अंगणात खडू घेऊन पाठवलं. व्हॉल्व्ह खाली जमिनीकडे आणून खूण, वर बसून सरळ रेषेत चाकाच्या तीन फेऱ्या, पुन्हा व्हॉल्व्ह खाली आल्यावर खूण. अंतर ६ मीटर ६३ सेंटीमीटर भरलं. तीनने भागून २.२१ मीटर. कागदावरच्या आकड्यापेक्षा दीड टक्का कमी, आणि हवा आणखी कमी असती तर हाही कमी भरला असता.

४४ ÷ १८ × २.२१ = ५.४० मीटर

म्हणजे पायडलच्या एका फेरीत पाच मीटर चाळीस सेंटीमीटर. त्याच्या ४६ आणि १९ने ५.३५ आलं असतं. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून त्याचं उत्तर फार वाईट दिसत नव्हतं. पण फ्रीव्हील मात्र चुकीचं आणलं गेलं असतं. ताळा म्हणून हेही पाहता येतं: मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी साडेएकोणीस किलोमीटर. सपाट रस्त्यावर अशी सायकल तेवढीच जाते. हिशेबात ताशी तीस आलं असतं तर मोजण्यात काहीतरी चुकलंय असं समजायचं.

इंग्रजी पुस्तकांत हेच माप इंचांत सापडतं: चाकाचा व्यास गुणिले गुणोत्तर. ही सवय मोठ्या पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलींपासूनची. तिथे पायडल थेट चाकाला लावलेलं असे, एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. ह्या सायकलचा आकडा जवळपास ६९ इंच येतो. म्हणजे सासऱ्यांची सायकल पावणेदोन मीटर व्यासाचं, माणसाएवढं उंच चाक थेट फिरवल्यासारखी चालते. चढावर दम लागतो तो का, हे ह्या चित्रावरून मला तरी चटकन पटतं.

कालव्याचा तो चढ शंभर मीटरला पाचेक मीटर धरू. मग पायडलच्या प्रत्येक फेरीत मेव्हणा स्वतःला, सायकलला आणि कॅरियरवरच्या पोत्याला २७ सेंटीमीटर वर उचलतो. मागे २० दात्यांचं फ्रीव्हील टाकलं तर एका फेरीत ४.८६ मीटर अंतर आणि २४ सेंटीमीटर उचल. २२चं टाकलं तर ४.४२ मीटर आणि २२ सेंटीमीटर. प्रत्येक फेरीत पायांवरचा भार तेवढ्याच प्रमाणात उतरतो, आणि फेऱ्या तेवढ्याच वाढतात. किलोमीटरला आता १८५ फेऱ्या लागतात, २२वर २२६ लागतील. तो रोज सपाटीने बाजाराला जातो, चढ शेवटचा दोनशे मीटरचा. मी २० सांगितलं. बायको म्हणाली, बावीस सांगायचं होतं, त्याचं वजन वाढलंय.

"चेन पुरेल का?" हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि तो बरोबर होता. मागे दोन दाते वाढले की चेनला साधारण एक कडी जास्त लागते, म्हणजे अर्धा इंच. पण चेनच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजू मिळून ती तूट भरून निघते, त्यामुळे मागचं चाक त्याच्या खाचेत सहा-साडेसहा मिलिमीटर पुढे घेतलं तर जुनीच चेन बसते. फोटोत आसाच्या पुढे खाचेत बोटभर जागा रिकामी दिसत होती. फक्त चेन झिजलेली नको, नाहीतर नव्या दात्यांवर ती चढून घसरते. बारा इंचांच्या चोवीस कड्या पट्टीवर धरायच्या. पिनेपासून पिनेपर्यंत सव्वाबाराच्या निम्म्या वाटेवर, म्हणजे १२⅛ इंचांवर गेली असेल तर तीही बदलायची.

रविवारी तो दुकानात गेला. दुकानदाराने जुनं फ्रीव्हील सोडवून हातात घेतलं, एका दात्यावर खडूचा ठिपका दिला आणि अंगठ्याने ढकलत मोजलं. अठरा. चेन मात्र १२⅛च्याही पुढे गेलेली निघाली.